एक कोडे, तीन दारे

वाढदिवसाच्या घरी खेळल्या जाणाऱ्या खजिन्याच्या शोधाची मूळ कल्पना सोपी आहे. एक चिठ्ठी मिळते, तिच्यात कोडे असते, कोड्याचे उत्तर म्हणजे घरातली एखादी जागा, त्या जागी दुसरी चिठ्ठी, आणि अशा चार-सहा चिठ्ठ्यांनंतर शेवटी खाऊचा किंवा भेटवस्तूंचा डबा. सगळी मुले एकाच वयाची असली तर हा खेळ जवळजवळ आपोआप चालतो. मात्र मराठी घरातील वाढदिवसाला वर्गमित्रांबरोबर त्यांची धाकटी भावंडे, मावस-आत्ते भावंडे आणि शेजारची मोठी मुलेही येत असल्यामुळे चार वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची मुले एकाच खोलीत जमतात, आणि तेथेच रचनेचा खरा प्रश्न सुरू होतो. कोडे लहानांना झेपेल असे केले तर बारा वर्षांचा मुलगा चिठ्ठी पूर्ण वाचून होण्याआधीच धावत सुटतो आणि बाकीचे त्याच्या मागे धावतात. कोडे मोठ्यांच्या मापाचे केले तर चार वर्षांची मुलगी पाच मिनिटांत आईच्या मांडीवर जाऊन बसते. अनेक घरांत यावर मधला मार्ग म्हणून मध्यम अवघड कोडी लिहिली जातात, पण त्यामुळे मोठ्यांना कंटाळा येतो, लहानांना काही कळत नाही आणि खेळ फक्त मधल्या वयाच्या मुलांचा उरतो.

यापेक्षा उपयोगी पडणारी रीत वेगळी आहे. कोड्याची अवघडता सरासरीवर आणण्याऐवजी एकाच कोड्याला वेगवेगळ्या उंचीची दारे ठेवावी लागतात, म्हणजे एक खूण कानाला किंवा नाकाला कळणारी, दुसरी वाचून उमगणारी आणि तिसरी हिशेब करून किंवा लिपीची उकल करून सापडणारी. आणि जेथे शक्य असेल तेथे या खुणा एकमेकींत अशा अडकवाव्या लागतात, की सर्वांत मोठ्या मुलालाही सर्वांत लहान मुलाच्या हातातला तुकडा घेतल्याशिवाय पुढे जाता येऊ नये.

ही रचना समजण्यासाठी कोडे कशाचे बनते हे आधी पाहणे उपयोगाचे आहे. मराठीत कोड्याला उखाणा, आहणा, हुमाण अशी नावे आहेत, आणि नवऱ्याचे किंवा बायकोचे नाव घेण्याच्या प्रथेशी आज जोडला गेलेला उखाणा हा शब्दही मुळात कोड्यासाठी वापरला जात आला आहे. लोकसाहित्याचे अभ्यासक रॉबर्ट जॉर्जेस आणि अॅलन डंडीस यांनी 1963 साली कोड्याची रचना तपासताना कोड्यांचे दोन वर्ग केले. पहिल्या वर्गात वर्णनाचे तुकडे एकमेकांशी जुळतात आणि ऐकणाऱ्याने ते फक्त एकत्र करायचे असतात. दुसऱ्या वर्गात एक तुकडा दुसऱ्याला खोडून काढल्यासारखा वाटतो आणि उत्तर सापडेपर्यंत तो विरोध सुटत नाही. पहिल्याला जुळते कोडे आणि दुसऱ्याला विरोधाचे कोडे म्हणता येईल. खालच्या दोन ओळी पाहाव्यात.

लग्न तिचे दरवर्षी होते,
नवरी तरी ना सासरी जाते.

लग्न झाले की मुलगी सासरी जाते ही मराठी मुलांच्या परिचयाची गोष्ट, आणि दुसरी ओळ नेमकी तीच नाकारते. तुळशीचे लग्न आठवले की विरोध एका क्षणात विरतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना या क्षणाची विलक्षण गोडी असते, कारण एका शब्दाला किंवा एका वाक्याला दोन अर्थ असू शकतात आणि आपल्याला दुसरा अर्थ सापडला, हे कळण्याचे ते वय आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाचे मात्र तसे नसते; ते शब्द जसाच्या तसा धरते, लग्न म्हटले की त्याला मंडप आणि नवरी दिसते, आणि विरोधाची गंमत त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याला हवे असते जुळते कोडे, तेही शब्दांचे नव्हे तर वस्तूचे. म्हणून याच चिठ्ठीसोबत कागदाच्या पुडीत तुळशीचे एक ताजे पान बांधून ती पुडी सर्वांत लहान मुलाच्या हाती द्यावी, त्याने वास घ्यावा आणि बाल्कनीतल्या कुंड्यांशी तो ताडून पाहावा. याचा आणखी एक लाभ असा, की वर्गमित्रांमध्ये ज्यांच्या घरी तुळशीचे लग्न लागत नाही अशी मुले असली, तरी कोडे त्यांच्यासाठी बंद राहत नाही. एखाद्या सणावर, देवावर किंवा घरच्या रीतीवर बेतलेल्या प्रत्येक कोड्याला असे माहितीबाहेरचे दुसरे दार असणे आवश्यक आहे.

आता एक पूर्ण उदाहरण घ्यावे. इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरचे दोन शयनगृहांचे घर, आठवा वाढदिवस, अकरा मुले: एक चार वर्षांचे, एक पाचचे, एक सहाचे, पाच आठ वर्षांची, दोन दहाची आणि एक बाराचे. अकरा मुलांचा एकच गट केला तर चिठ्ठीभोवती तिघे वाचतात आणि आठ जण पाठीमागून ढकलतात, म्हणून दोन गट करणे बरे. लाल गटात चार, सहा, आठ, आठ आणि बारा वर्षांची मुले, निळ्या गटात पाच, आठ, आठ, आठ, दहा आणि दहा वर्षांची. गट मुलांना निवडू दिले तर सारे आठ वर्षांचे मित्र एका बाजूला जातात आणि लहान भावंडे उरतात, त्यामुळे ही विभागणी आधीच ठरवून रंगीत फिती मनगटाला बांधणे सोयीचे पडते.

दोन गट केले की शर्यत लागते, आणि शर्यत लागली की लहान मुलाला हाताला धरून ओढले जाते. हा दोष खेळाच्या शेवटातच दुरुस्त करता येतो. म्हणून रचना नेहमी खजिन्यापासून उलट दिशेने केली जाते. या घरात खजिना आजीच्या पलंगाखाली ठेवायचा असे ठरले, तर ‘आजीच्या पलंगाखाली’ या दोन शब्दांत आठ अक्षरे आहेत: आ, जी, च्या, प, लं, गा, खा, ली. प्रत्येक अक्षर तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर लिहून त्याच्या मागे क्रमाने 1 ते 8 हे अंक घालावेत, विषम अंकांची अक्षरे लाल गटाच्या वाटेवर आणि सम अंकांची निळ्या गटाच्या वाटेवर ठेवावीत. लाल गटाच्या हाती शेवटी ‘आ, च्या, लं, खा’ येते आणि निळ्या गटाच्या हाती ‘जी, प, गा, ली’. यांतल्या कोणत्याही एका चौकडीवरून जागेचा अंदाज करणे बारा वर्षांच्या मुलालाही कठीण आहे. जो गट आधी संपवेल त्याला दुसऱ्या गटाची वाट पाहावी लागते, आणि थोड्याच वेळात तो दुसऱ्या गटाला मदत करायला धावतो. दुसऱ्याने लवकर संपवावे असे दोन्ही गटांना मनापासून वाटणे, हे या शेवटाने साधते, आणि बक्षिसाची कोणतीही वाटणी ते साधू शकत नाही.

वाटेवरचे मुक्काम चार पुरेत: दाराजवळचा चपलांचा स्टँड, बैठकीतले घड्याळ, बाल्कनीतली तुळस आणि पुस्तकांचे कपाट. एका मुक्कामाला साधारण सहा मिनिटे धरली तर चोवीस मिनिटे, सुरुवातीला नियम सांगायला पाच आणि शेवटच्या जुळणीला पाच, म्हणजे सारा खेळ पस्तीस मिनिटांच्या आसपास बसतो, आणि चार वर्षांच्या मुलाचे लक्ष त्याहून लांब ताणणे अवघड असते. दोन्ही गटांना हेच चार मुक्काम, पण फिरवलेल्या क्रमाने द्यावेत. लाल गट चपला, घड्याळ, तुळस, कपाट असा जाईल. निळा गट तुळस, कपाट, चपला, घड्याळ असा जाईल. त्यामुळे चारच कोडी लिहून काम भागते आणि दोन्ही गट एका वेळी सहसा एका जागी येत नाहीत. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामावर लाल आणि निळी अशा दोन चिठ्ठ्या व दोन अक्षरपुठ्ठे राहतात, आणि दुसऱ्या रंगाला हात लावायचा नाही एवढा एकच नियम सर्वांना सांगावा लागतो.

येथेच या खेळातली सर्वांत नेहमीची चूक घडते. चपलांचे कोडे असलेली चिठ्ठी चपलांच्या स्टँडमध्येच ठेवली जाते, कारण मांडणी करणाऱ्याच्या मनात त्या चिठ्ठीचे नाव ‘चपलांची चिठ्ठी’ असे असते. वस्तुतः चपलांचे कोडे लाल गटाच्या हाती अगदी आरंभी द्यायचे असते आणि स्टँडमध्ये घड्याळाचे कोडे असावे लागते. प्रत्येक चिठ्ठी ज्या जागी ठेवली जाते त्या जागेचे नव्हे, तर पुढच्या जागेचे वर्णन करते. प्रत्येक गटाच्या पाच चिठ्ठ्या होतात, पहिली हाती दिलेली आणि चार मुक्कामांवरच्या चार, त्यांतल्या शेवटच्या चिठ्ठीत कोडे नसून बैठकीत परत येण्याची सूचना असते. चिठ्ठीच्या मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘कोठे ठेवायची’ हे बारीक लिहून ठेवले आणि त्याची एक नोंद मांडणाऱ्याने खिशात बाळगली, तर ही अदलाबदल टळते.

चपलेचे कोडे कसे घडते हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण कोडे लिहिताना जे बिघडते ते त्यात स्पष्ट दिसते. पहिला मसुदा असा होता असे समजावे.

नवी असताना चावून घेते,
जुनी झाली की गोडीत येते;
गावभर तुमच्यासोबत फिरते,
घर आले की दारात उरते.

नवी चप्पल पायाला चावते, या मराठीतल्या रोजच्या बोलण्यावर पहिली ओळ उभी आहे, आणि लिहिणाऱ्याला उत्तर ठाऊक असल्यामुळे चारही ओळी त्याला चोख वाटतात. परंतु हे कोडे पाच वर्षांच्या मुलाला ऐकवले तर चावण्याचा शब्द कानी पडताच ते ‘कुत्री’ म्हणेल, आणि पुढच्या तिन्ही ओळी कुत्रीलाही बऱ्यापैकी लागू पडतात: ओळख जुनी झाली की ती माया करते, सोबत फिरते आणि दारात बसते. मुलाचे उत्तर चूक नाही, कोडेच सैल आहे. अशा वेळी ओळी अधिक अवघड करण्याऐवजी दुसरे उत्तर ज्या एका गुणाने बाद होईल तो गुण शोधायचा असतो, आणि चपलेचा असा गुण म्हणजे तिची जोडी.

नवी असताना चावून घेते,
जुनी झाली की गोडीत येते;
बहिणीवाचून कुठे न जाते,
घर आले की दारात राहते.

आता कुत्री बाद झाली, आणि ‘बहिणीवाचून’ या शब्दाने विरोधाचे नसले तरी विचारात टाकणारे एक दार आठ वर्षांच्या मुलांसाठी उघडले. मराठीत कोडे लिहिताना आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते, ते म्हणजे लिंगाचे. ‘नवी’, ‘जुनी’ या रूपांवरून उत्तर स्त्रीलिंगी आहे हे फुटते, आणि मोठी मुले ही खूण नकळत का होईना वापरतात. उत्तर फार लवकर फुटते आहे असे वाटले तर ‘तो कोण’ असे मुद्दाम वेगळे लिंग घालून फसवण्यापेक्षा, ज्यांत विशेषण बदलत नाही अशी वाक्ये रचणे न्यायाचे ठरते. खोट्या खुणेने चुकलेले मूल पुढच्या कोड्यावर विश्वास ठेवत नाही.

घड्याळाच्या कोड्यात तिन्ही दारे एकाच कडव्यात बसवता येतात, म्हणून ते या रीतीचा चांगला नमुना ठरते.

गोल अंगण, तिघे भाऊ,
टिकटिक टिकटिक, कुठे जाऊ?
उंच घालतो फेऱ्या बारा,
ठेंगू एकीतच दमतो बिचारा.

चार वर्षांच्या मुलाला दुसरी ओळ पुरते, कारण टिकटिक हा आवाज त्याच्या ओळखीचा आहे. आठ वर्षांच्या मुलांना गोल अंगण आणि तिघे भाऊ यांचे चित्र डोळ्यांसमोर आणावे लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी शेवटच्या दोन ओळींत हिशेब आहे: मिनिटकाटा बारा तासांत बारा फेऱ्या पूर्ण करतो तेव्हा तासकाट्याची एक होते. परंतु कोडे असे उघडे ठेवले तर चार वर्षांचे मूल ‘घड्याळ!’ असे ओरडते आणि मोठ्यांच्या हिशेबाला वावच राहत नाही. त्यासाठी घरात दोन-तीन घड्याळे असल्यास कोणते घड्याळ हे मोठ्यांच्या हिशेबावर सोपवावे. उदाहरणार्थ, ‘ठेंगूची अर्धी फेरी झाली की उंच जेवढ्या फेऱ्या घालतो, तेवढी पावले दारापासून चालल्यावर जे दिसते ते घड्याळ’ अशी जोडओळ मागे लिहावी. उत्तर सहा पावले, आणि ती पावले कोणाची याचा घोळ होऊ नये म्हणून ‘सर्वांत लहान गड्याची पावले’ असे लिहून ती आधी त्याच उंचीच्या मुलाला चालवून मोजलेली असावीत. चिठ्ठी घड्याळावर ठेवता येत नाही, ती खालच्या टेबलाला चिकटपट्टीने लावावी. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण एक मीटर असते, आणि त्याच्या डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे जमिनीपासून ऐंशी-नव्वद सेंटिमीटरवर लावलेली चिठ्ठी त्यालाच सर्वांत आधी दिसते. मोठी मुले सवयीने वर पाहत राहतात. या एका साध्या मापाने लहानांच्या वाट्याला खरा शोध येतो.

कपाटाच्या कोड्यात खुणा एकमेकींत अडकवलेल्या आहेत. पाकिटात दोन कागद असतात. एकावर ‘खफाठ’ एवढा एकच शब्द आणि खाली ‘प्रत्येक अक्षर वर्णमालेत एक घर पुढे पळाले आहे, त्याला मागे बोलवा’ ही ओळ. दुसरा कागद कोरा दिसतो, पण त्यावर मेणबत्तीच्या तुकड्याने उघड्या पुस्तकाचे चित्र दाबून काढलेले असते. पाण्यात कालवलेला निळा किंवा हिरवा जलरंग कुंचल्याने त्यावर फिरवला की रंग कागदात मुरतो, मेणावर मात्र तो ठरत नाही, आणि पांढऱ्या रेषांचे पुस्तक उमटते. कुंचला फक्त सर्वांत लहान मुलाच्या हाती. मोठी मुले ‘ख’ वरून ‘क’, ‘फा’ वरून ‘पा’ आणि ‘ठ’ वरून ‘ट’ असे मागे येत कपाटापर्यंत पोहोचतात, पण घरात कपाटे तीन आहेत. कोणते, हे लहानग्याच्या चित्राशिवाय कळत नाही. आणि नुसत्या चित्रावरून पुस्तक दप्तरातही असू शकते, टेबलावरही. अशा रीतीने चार वर्षांच्या मुलाचे काम गंमत म्हणून दिलेले राहत नाही, त्यावाचून गट खरोखरच अडतो, आणि हा फरक लहान मुलाला फार लवकर कळतो.

सांकेतिक लेखनासाठी शब्द निवडताना देवनागरीच्या मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. काना, मात्रा, वेलांटी जागच्या जागी ठेवून फक्त व्यंजन सरकवले तर ‘कपाट’सारखा सुटा शब्द नीट चालतो, पण ‘पुस्तक’ या शब्दात ‘स्त’ हे जोडाक्षर आहे, ‘स’ पुढे सरकून ‘ह’ होतो आणि जे जोडाक्षर तयार होते ते वाचतानाच मुले थकतात. तसेच ‘घ’ किंवा ‘झ’ असलेला शब्द घेतला तर पुढचे अक्षर ‘ङ’ किंवा ‘ञ’ येते, जे आजच्या मुलांनी क्वचितच लिहिलेले असते. ज्या मुलांना मराठी बोलता येते पण वाचनाचा सराव कमी आहे, त्यांच्यासाठी डोळ्यांऐवजी कानाचा संकेत बरा. शाळकरी मुलांमध्ये चालत आलेली ‘च’ची भाषा येथे कामी येते, तिच्यात शब्दाच्या पहिल्या अक्षरातले व्यंजन काढून त्याच्या जागी ‘च’ घालतात आणि काढलेले व्यंजन शेवटी जोडतात, म्हणून कपाटाचे ‘चपाटक’ आणि कुंडीचे ‘चुंडीक’ होते. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या किंवा परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या कानावर भाषा असते पण देवनागरी सावकाश लागते, आणि अशा मेळाव्यात बारा वर्षांचे मूल हे आठ वर्षांच्या मुलापेक्षा हळू वाचणारे निघू शकते. तेव्हा कामाची वाटणी वयावरून न करता वाचनावरून करणे भाग पडते, आणि प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचूनच पुढे जायचे असा नियम घालावा लागतो.

अंदाजाने जागा सापडणे हा या खेळाचा दुसरा धोका. किट विल्यम्स या ब्रिटिश चित्रकाराने 1979 साली प्रसिद्ध केलेल्या ‘मॅस्करेड’ या चित्रकोड्यांच्या पुस्तकात जमिनीत पुरलेल्या सोन्याच्या सशाची जागा दडवलेली होती, आणि तो ससा 1982 मध्ये ज्याच्या हाती लागला त्याने मूळ कोडे लेखकाच्या अपेक्षेप्रमाणे सोडवलेले नव्हते. घरातही तेच घडते: मुले कोडे टाकून कपाटे उपसू लागतात. खरे पाहता उपसण्याची ही सुरुवात म्हणजे कोडे त्यांच्या आवाक्याबाहेर गेल्याची खूण आहे. मुलांचे डोळे चिठ्ठीवरून उठून खोलीभर फिरू लागले आणि दोन मिनिटांत कोणी नवा शब्द उच्चारला नाही, तर सूचना द्यायची वेळ झाली असे समजावे. प्रत्येक गटाजवळ आधीपासून तीन बंद सूचनापाकिटे ठेवली आणि त्यांचा सांभाळ सर्वांत मोठ्या मुलाकडे दिला, तर उत्तर ओरडण्याचा त्याचा मोह बराच आवरतो. त्याच्या हाती गटाला वाट दाखवण्याचे काम आलेले असते. अंदाजाला आवर घालायला जुळणीची खूण पुरते. प्रत्येक चिठ्ठीसोबत मधोमध फाडलेल्या चित्राचा अर्धा भाग आणि मुक्कामावर उरलेला अर्धा ठेवावा, ते दोन जुळले तरच पुढचे पाकीट उघडावे, आणि जुळवणारे हात पुन्हा धाकट्यांचेच.

चिठ्ठ्या लिहिताना अक्षर मोठे असावे, ओळीत पाच-सहा शब्दांपेक्षा जास्त नसावेत, आणि पहिलीतल्या मुलाने वाचायच्या ओळीत जोडाक्षरे शक्य तितकी टाळावीत. खेळाच्या दोन दिवस आधी चारही कोडी आमंत्रित नसलेल्या सात-आठ वर्षांच्या एखाद्या मुलाला फोनवरून ऐकवून त्याची पहिली तीन उत्तरे जशीच्या तशी लिहून घ्यावीत. पहिले उत्तर बरोबर आले आणि लगेच आले तर कोडे सोपे आहे. दुसरे एखादे उत्तरही पटण्यासारखे असेल तर कुत्री आणि चपलेचा घोळ येथेही आहे असे समजून ओळ बदलावी. मांडणी मुले येण्याच्या अर्धा तास आधी, घर झाडून झाल्यावर करावी, नाही तर चिठ्ठी केरात जाते. पंख्याखालच्या चिठ्ठीला चिमटा लावावा. गॅस, विजेचे बोर्ड, जिना, वाहनतळ आणि लिफ्ट या जागा पूर्णपणे वगळाव्यात. बाल्कनीत तुळस असल्यामुळे खेळ संपेपर्यंत तेथे एक मोठे माणूस उभे राहिले पाहिजे, आणि कुंडी कठड्याला लागून असेल तर त्या दिवशी ती भिंतीकडे सरकवून ठेवावी.

दोन्ही गट बैठकीत परतले की आठ पुठ्ठे उलटे, अंकांची बाजू वर करून जमिनीवर टाकले जातात. 1 ते 8 अशी रांग लावण्याचे काम चार, पाच आणि सहा वर्षांच्या तिघांचे. अंक लागले की आठ वर्षांची मुले एकेक पुठ्ठा उलटतात, आणि दहा-बारा वर्षांची मुले तोपर्यंत गप्प राहतात, हा शेवटचा आणि पाळायला सर्वांत कठीण नियम. पाचवा पुठ्ठा ‘लं’ उलटला जाईपर्यंत खोलीतल्या बहुतेकांना उत्तर कळून चुकलेले असते. पलंगाखालची पेटी मोठ्या माणसाने ओढून बाहेर काढावी आणि तिच्यात एकसारखी तेरा पाकिटे असावीत: अकरा आलेल्या मुलांची आणि दोन ऐन वेळी सोबत येणाऱ्या भावंडांची. त्या भावंडांपैकी एखादे तीन वर्षांच्या आतले असण्याची शक्यता असते, म्हणून मणी, गोट्या, छोटे चेंडू आणि सुट्या बटनसेलवर चालणारी खेळणी कोणत्याच पाकिटात नकोत.